रटाळ कसोटीचे घरगुती समालोचन

कसोटी सामना अनिर्णितच राहणार हे दिसू लागल्यावरही टीव्ही बंद न करता, एकत्र बसलेल्या मित्रांनी समालोचकाच्या थाटात केलेले चालू खेळाचे उपरोधिक वर्णन. महाराष्ट्रात क्रिकेट पाहणाऱ्या घरांत, वसतिगृहांच्या कॉमन रूममध्ये आणि गणेश मंडळांच्या कार्यालयांत हा प्रकार सर्रास चालतो. त्यात नुसती टिंगल नसते. मैदानावर खरोखर काय झाले ते चेंडूगणिक सांगितले जाते आणि विनोद त्या सांगण्यातून निघतो. म्हणून खेळ न कळणाऱ्याला हे जमत नाही.

कसोटीचा वेग या प्रकाराला सोयीचा पडतो. दिवसाला ९० षटके आणि सहा तासांचा खेळ धरला, तर एका चेंडूच्या वाट्याला सरासरी ४० सेकंद येतात. त्यांतली प्रत्यक्ष खेळाची सेकंदे चार-पाचच. उरलेल्या वेळात गोलंदाज पाठ वळवून चालत जातो, यष्टिरक्षक ग्लोव्हज ठोकतो, फलंदाज खेळपट्टीवर बॅट आपटतो. एवढ्यात एक पूर्ण वाक्य बोलून होते आणि दुसऱ्याचे उत्तरही येते. वीस षटकांच्या सामन्यात ही फट राहत नाही. तिथला रटाळपणा शेवटच्या पाच षटकांत सामना एकतर्फी झाल्यावर येतो आणि बोलणे रंगायच्या आत सामना संपून जातो.

मराठी घरांत ही सवय रेडिओवरून आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याआधीच आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी क्रिकेटची मराठी भाषा घडवली होती. तटवणे, निर्धाव षटक, पायचीत, यष्टिचीत, चेंडू सीमापार हे शब्द त्या समालोचनातून आणि वृत्तपत्रांतून लोकांच्या तोंडी बसले. पुढे टीव्हीवर इंग्रजी आणि हिंदी समालोचन आले, तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावणारे पुष्कळ होते. रेडिओचा समालोचक न दिसणाऱ्याला दाखवण्यासाठी प्रत्येक हालचाल सांगत असे. घरगुती समालोचक तेच काम समोर दिसत असलेल्या चित्रावर करतो. सगळ्यांना दिसते आहे की काहीच घडले नाही, आणि तरीही त्याचे साग्रसंगीत वर्णन चालते. विनोदाचा मुख्य झरा हाच आहे.

त्यामुळे आवाज गंभीर ठेवावा लागतो. नमुन्यादाखल एक चेंडू: "गोलंदाज पॅव्हेलियनच्या बाजूने. पंचांना ओलांडून, ऑफ स्टंपच्या बाहेर आखूड टप्प्याचा चेंडू… आणि फलंदाजाने तो सोडून दिला! काय हा संयम! चेंडू यष्टिरक्षकाकडे, यष्टिरक्षकाकडून पहिल्या स्लिपकडे, पहिल्या स्लिपकडून गलीकडे. चेंडूचा प्रवास सुखरूप चालू आहे." यातली प्रत्येक गोष्ट पडद्यावर झालेली असते. बोलणारा मध्येच स्वतः हसला किंवा त्याने न घडलेले काही घुसवले, की रंग जातो. "आता हत्ती मैदानात आला" असे कोणी म्हणाले, तर जाणकार मंडळी त्याला गप्प बसवतात, आणि ते योग्यच आहे.

कोणी भूमिकेत शिरले आहे हे संबोधनावरून लगेच कळते. एरवी "ए पक्या, पाय काढ मधून" असे बोलणारे मित्र एकदम अहो-जाहोवर येतात. "जोशीसाहेब, आपण या मैदानावर पुष्कळ खेळला आहात, खेळपट्टी कशी वाटते?" जोशीसाहेब सोसायटीच्या आवाराबाहेर कधी खेळलेले नसतात. तरी ते घसा साफ करून सांगतात, "पहिले चार दिवस फलंदाजीला अनुकूल आहे. पाचव्या दिवसापासून रस्ता वाहतुकीला खुला करायला हरकत नाही." अशी एक मुख्य समालोचक आणि एक तज्ज्ञ ही जोडी पुरते. तिसरा कोणी आकडे सांभाळणारा असला, तर दुपार चांगली जाते. त्याने बोलायचे कमी, पण आकडा अचूक द्यायचा. "गेल्या ११ षटकांत ९ धावा, त्यांतल्या ४ लेगबाय" हे कोणत्याही कोटीपेक्षा जास्त हशा मिळवते. सलग निर्धाव षटके पडू लागली की तो हमखास बापू नाडकर्णींना आणतो. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाडकर्णींनी सलग २१ षटके निर्धाव टाकली होती. त्या डावातले त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. मराठी मंडळींत हा आकडा मोजपट्टीसारखा वापरतात: "अजून १७ पाहिजेत, बापू निश्चिंत आहेत."

या प्रकाराला कसे खाद्य लागते आणि ते कुठे संपते, हे ऑगस्ट १९९७ च्या कोलंबो कसोटीवरून नीट समजते. भारताने सिद्धू, तेंडुलकर आणि अझरुद्दीन यांच्या शतकांवर ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला. श्रीलंकेची धावसंख्या ३९ असताना डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केले. मग सनथ जयसूर्याला रोशन महानामा येऊन मिळाला, आणि तिसरा दिवस संपला, चौथा संपला, गडी काही पडला नाही. भागीदारी थांबली ती पाचव्या दिवशी, ५७६ धावांवर.

अशा सामन्यात उपरोधाला टप्प्याटप्प्याने रंग चढतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नसतोच. पहिल्या चेंडूवर बळी घेणारा आपल्या गावचा मुलगा गोलंदाजीला आहे, प्रत्येक अपिलावर माणसे सरसावून बसतात. उपाहारानंतर थोडी चिडचिड होते आणि कर्णधाराला सल्ले सुरू होतात. हेही अजून समालोचन नव्हे. चहापानाच्या सुमारास आशा सुटते आणि कोणीतरी पहिले शांत वाक्य टाकते: "कुंबळेच्या जागी चौहान, चौहानच्या जागी कुलकर्णी, कुलकर्णीच्या जागी पुन्हा कुंबळे. गोलंदाजीत वैविध्य आणण्याचा कर्णधाराचा प्रयत्न." चौथा दिवस हा त्याचा खरा दिवस. आता निकालाची काळजी कोणालाच नसते, म्हणून डोळे बारीकसारीक गोष्टींकडे वळतात. पेये घेऊन धावणारा बारावा गडी, सीमारेषेवर हाताची घडी घालून उभा राहिलेला क्षेत्ररक्षक, साइटस्क्रीनसमोरून जाणारा माणूस, या सगळ्यांचे वर्णन होते. कुलकर्णीचे अंतिम पृथक्करण ७० षटकांत १९५ धावांना १ बळी असे झाले. म्हणजे पहिल्या चेंडूनंतर ४१९ चेंडू बळीविना. आकडेवाल्याच्या हाती यापेक्षा मोठे घबाड लागणार नाही. पण चांगल्या कंपूत इथे टोमण्याची दिशा सांभाळली जाते. तो खेळपट्टीवर जातो, वेळापत्रक आखणाऱ्यांवर जातो, फार तर कर्णधारावर जातो. दोन दिवस घाम गाळणाऱ्या नवख्या पोरावर जात नाही.

पाचव्या दिवशी तोच सामना, तीच खेळपट्टी, निकाल अजूनही अशक्य, पण हे समालोचन चालेनासे व्हावे अशी स्थिती आली. ब्रायन लाराचा ३७५ चा विक्रम जयसूर्याच्या टप्प्यात होता. तो ३४० वर बाद झाला आणि महानामा २२५ वर. मग संघाच्या धावा इंग्लंडने १९३८ मध्ये ओव्हलवर केलेल्या ७ बाद ९०३ कडे सरकू लागल्या. श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव घोषित केला. विक्रम जवळ आला की प्रत्येक धावेला वजन येते आणि माणसे आपोआप खरे बोलू लागतात.

यावरून संथ आणि रटाळ यांतला फरकही कळतो. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली कसोटी वाचवण्यासाठी हशिम आमलाने २४४ चेंडूंत २५ आणि ए. बी. डिव्हिलियर्सने २९७ चेंडूंत ४३ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेचा अख्खा डाव १४३.१ षटकांत १४३ धावांचा. कागदावर याहून कंटाळवाणे काय असेल? पण भारताला जिंकायला गडी हवे होते आणि वेळ संपत होता, त्यामुळे ते पाहणाऱ्याला टोमणे सुचत नाहीत, सुचले तरी कोणी ऐकत नाही. (भारत ३३७ धावांनी जिंकला.) उलट जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत राहुल द्रविड ४० चेंडू १८ वरच अडकला होता. त्याने एकदाची एकेरी धाव घेतली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि द्रविडने बॅट उंचावून त्याचा स्वीकार केला. घरात बसून जे करतात, ते तिथे पूर्ण मैदानाने केले आणि ज्याच्यावर केले तोही त्यात सामील झाला. या प्रकारातला याहून निर्मळ प्रसंग माझ्या माहितीत नाही.

हे बिघडते ते मुख्यतः दोन प्रकारांनी. पहिला, खेळ सोडून खेळाडूच्या रंगावर, अंगकाठीवर, इंग्रजीवर किंवा बायकोवर घसरणे. खोलीतले दोघे-तिघे हसायचे थांबतात आणि मोबाइल काढतात, ही त्याची खूण. दुसरा, खरा चेंडू पडत असताना बोलत राहणे. गोलंदाज धावू लागला की आवाज उतरता हवा आणि चेंडू टाकताना शांतता हवी, कारण अगदी मेलेल्या सामन्यातही गडी पडू शकतो. तसा तो पडला, तर बोलणाऱ्याने त्याच वाक्यात उपरोध टाकून खऱ्या समालोचनात शिरायचे असते. सराईत माणूस ते बेमालूम करतो. बाद झालेला फलंदाज आपला असेल, तर मात्र त्याची सुटका नसते: "बोललास ना, गेली विकेट!" मग त्याला जागेवरून उठायचीही बंदी होते.

आता सामना मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर इंटरनेटवरून पाहिला जातो, आणि हे चित्र डिशच्या चित्रापेक्षा काही सेकंद मागे असते. शेजारच्या घरातून आधीच ओरडा येतो, एखाद्याच्या फोनवर धावफलकाची सूचना वाजते, आणि "आता काय होणार" हे गांभीर्याने विचारण्यात अर्थ राहत नाही. पुण्याचा एक आणि न्यू जर्सीचा एक असे मित्र व्हिडिओ कॉलवर बसले, तर दोघांची चित्रे वेगवेगळ्या चेंडूवर असतात. त्यावर रूढ झालेला उपाय असा: कॉल सुरू होताच दोघांनी आपापल्या पडद्यावरचा षटकाचा आकडा मोठ्याने सांगायचा, ज्याचे चित्र पुढे असेल त्याने ते क्षणभर थांबवून मागच्याशी जुळवायचे, आणि सूचना बंद करायच्या.