दाढीची खाज: तेल कुठे लावायचं, किती लावायचं आणि कधी बंद करायचं

आमचं तेल, बाम किंवा ब्रश घरी नेल्यावर पहिला फोन बहुतेक वेळा खाजेबद्दलच येतो. दाढी वाढवायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गालाखाली आणि मानेवर खाज सुटते. बरेच जण तिथेच कंटाळतात आणि वस्तरा फिरवून मोकळे होतात. म्हणून हे पत्रक मुख्यतः खाजेबद्दल आहे. मऊपणा आणि टापटीप त्यातूनच येते.

खाज का सुटते?

वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक नैसर्गिक केसासारखं निमुळतं नसतं, त्याला धार असते. दाढीचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे दहा-बारा दिवसांत तो 3 ते 4 मिलीमीटर होतो आणि वाकून शेजारच्या कातडीला टोचायला लागतो. दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि वळणदार असल्याने हे टोचणं जास्त जाणवतं. महिना उलटला की केस आडवे पडू लागतात आणि हे कारण आपोआप कमी होतं.

दुसरं कारण आपण स्वतः तयार करतो. अंगाचा साबण रोज दाढीला लावला की खालच्या त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं. त्वचा कोरडी पडून ताणते, बारीक भुकटीसारखा कोंडा निघतो आणि खाजवून खाजवून ती लाल होते. पुण्यातली डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि मार्च ते मे महिन्यातली कोरडी हवा यात भर घालते.

दोन्ही कारणं पाहिलीत तर लक्षात येईल की खाज केसाला नाही, त्वचेला येते. त्यामुळे तेलही त्वचेपर्यंत पोचलं पाहिजे. तळहातावर घेऊन दाढीवरून वरवर हात फिरवला तर केस चकाकतात, पण खाज तशीच राहते.

तेल लावण्याची पद्धत

दाढी कोमट पाण्याने धुवा. टॉवेलने घासू नका, नुसता दाबून धरा आणि पाणी टिपून घ्या. दाढी ओलसर राहायला हवी, पाणी मात्र ठिबकायला नको. तेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. कोरड्याठाक त्वचेवर तेल लावलं तर अडवून धरायला तिथे काही नसतं, म्हणून आंघोळीनंतरची पाच मिनिटं सगळ्यात चांगली.

1 सेंटीमीटरच्या आतल्या दाढीला 2 ते 3 थेंब पुरतात. 2-3 सेंटीमीटरच्या दाढीला 4 ते 5 आणि त्याहून लांब दाढीला 6 ते 8. थेंब बोटांच्या पेरांवर पसरवा. मग बोटं उलट्या दिशेने, म्हणजे मानेकडून हनुवटीकडे, केसांच्या मुळाशी घाला आणि हळू चोळा. जबड्याच्या कडेखाली आणि हनुवटीच्या बरोबर खाली सगळ्यांचंच तेल पोचायचं राहतं, तिथे मुद्दाम बोट न्या. शेवटी हाताला जे उरेल ते केसांवर आणि मिशीवर फिरवा.

आमच्या ड्रॉपरमधून 1 मिलीलीटरचे साधारण 25 थेंब पडतात. म्हणजे 30 मिलीलीटरच्या बाटलीत साडेसातशेच्या आसपास थेंब असतात. रोज 5 थेंब वापरले तर बाटली जवळपास पाच महिने जायला हवी. ती महिन्यात संपली तर तुम्ही गरजेपेक्षा बरंच जास्त लावताय. आमची विक्री त्याने वाढत असली तरी ते तुमच्या त्वचेच्या हिताचं नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा दिवसाआड लावलं तरी चालतं.

पहिल्यांदा वापरताना एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. आमच्या तेलात बदामाचं तेल आहे. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते घेऊच नका, दुकानात आधी सांगा.

एका ग्राहकाचं उदाहरण

वाघोलीत राहणारे आणि स्कूटरवरून खराडीला कामाला जाणारे एक ग्राहक बाटली घेऊन परत आले. दाढी तीन आठवड्यांची. तक्रार अशी की तेल लावूनही मानेवर आणि जबड्याखाली खाज थांबत नाही आणि काळ्या शर्टावर पांढरी भुकटी पडते. बाटली निम्मी संपली होती. हिशोब केला तर रोजचे सतरा-अठरा थेंब निघाले. दाढी 1 सेंटीमीटरपेक्षाही कमी असताना!

विचारत गेलो तसं बाकीचं कळलं. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. अशा जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. तो नुसत्या पाण्याने निघत नाही, केसांच्या मुळाशी बसतो आणि दाढी राठ लागते. हे गृहस्थ रोज अंगाच्या साबणाने दाढी धुवायचे, ती पूर्ण वाळवायचे, निघताना वरून तेल लावायचे आणि लगेच हेल्मेट घालायचे. निम्मं तेल हेल्मेटच्या गालाकडच्या पॅडला लागत होतं. त्यात घाम आणि धूळ मिसळून तेच पुन्हा रोज त्वचेवर घासलं जात होतं.

आम्ही त्यांना तेल बदलायला सांगितलं नाही. अंगाचा साबण बंद करून आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू लावायला सांगितला, एरवी नुसतं पाणी. शेवटी एक तांब्या फिल्टरचं पाणी दाढीवरून ओतायचं, म्हणजे क्षार धुतले जातात. तेलाचे 3 थेंब ओलसर त्वचेवर लावायचे आणि नाश्ता उरकून, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, हेल्मेट घालायचं. हेल्मेटची पॅड निघत होती, ती शाम्पूच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची.

आठवड्याभरात भुकटी थांबली. दुसऱ्या आठवड्यानंतर खाज फक्त मानेवर, हेल्मेटचा पट्टा लागतो तिथे उरली. तिथले केस आखूड होते, पट्ट्याच्या घर्षणाने वाकून परत कातडीत शिरत होते आणि बारीक लाल पुटकुळ्या दिसत होत्या. यावर तेलाचा उपयोग नसतो. कंठमण्याच्या दोन बोटं वर दाढीची खालची रेघ धरून त्याखालचे केस ट्रिमरने बारीक करायचे. वस्तऱ्याने अगदी कातडीलगत कापायचे नाहीत, नाहीतर तीच टोकं पुन्हा आत वळतात. त्यांनी तसं केलं आणि पुटकुळ्या बसल्या. ती रेघ नीट धरल्यामुळे दाढी राखलेली दिसायला लागली, नुसती वाढलेली नाही.

तेल कधी बंद करायचं?

वरच्या उदाहरणात कोंडा कोरडा, पांढरा आणि भुकटीसारखा होता. खपली पिवळसर, तेलकट आणि चिकट असेल, खालची त्वचा लाल असेल आणि नाकाच्या कडेला, भुवयांत किंवा डोक्यातही तसंच दिसत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. प्रत्येकाच्या त्वचेवर मॅलेसेझिया नावाची एक बुरशी असते, ती त्वचेवरच्या तेलावरच जगते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो. अशा वेळी वरून तेल दिलं तर खाज वाढू शकते. तेल आणि बाम दोन्ही बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर बुरशीनाशक औषधी शाम्पू मिळतात, पण कोणता, किती वेळ आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच सांगावं.

गोल, कडेने उठलेला चट्टा दिसला, तिथले केस गळायला लागले किंवा पू झाला तरीही थेट डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने खाजेचं मलम आणून लावू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. त्यातल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण आतून नायटा पसरत राहतो आणि नंतर ओळखणंही अवघड होतं.

तेलाने दाढी दाट होईल का, असंही विचारतात. नाही. केस मऊ होतात, तुटणं कमी होतं, त्यामुळे दाढी भरलेली दिसते. नवीन केस तेलाने उगवत नाहीत.

ब्रश

पहिले तीन-चार आठवडे ब्रश वापरू नका, खुंटांवर तो टोचतो. केस 1 सेंटीमीटरच्या वर गेले की सुरू करा. ओल्या दाढीवर कधीच नाही, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. तेल लावून दहा मिनिटं झाली आणि दाढी बहुतेक वाळली की आधी मानेकडून वर हलके हात मारा. सुटी खपली उचलली जाते आणि तेल मुळापासून टोकापर्यंत पसरतं. मग गालावरून खाली, केस जसे बसवायचे तसे. मिनिटभर पुरे. त्वचा लाल झाली तर तुम्ही जोर लावताय.

पारंपरिक ब्रश डुकराच्या केसांचा असतो आणि तेल पसरवायला तो उत्तम आहे. ज्यांना तो चालत नाही त्यांच्यासाठी आम्ही वनस्पतीच्या धाग्याचा ठेवतो. थोडा कडक असतो, पण काम करतो. ब्रशमधले केस आठवड्याला कंगव्याने काढा, पंधरा दिवसांनी शाम्पूने धुवा आणि दात खाली करून वाळवा, म्हणजे पाणी लाकडात मुरत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा, नाहीतर कुबट वास येतो.

बाम

बाम तेलाच्या जागी नाही, तेलानंतर. त्यात मधमाशीचं मेण आणि शिया बटर असतं. मेण केसावर बसतं आणि इकडेतिकडे उडणारे केस धरून ठेवतं. दाढी 2 सेंटीमीटरच्या आत असेल तर बामाची गरजच नाही, पैसे वाचवा. त्याहून लांब असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा बाम नखाने खरवडून घ्या, तळहातावर घासून पूर्ण वितळू द्या आणि फक्त केसांवर, बाहेरून लावा. त्वचेवर चोळलात तर रंध्रं बुजून पुटकुळ्या येऊ शकतात.

उन्हाळ्यात डबी स्कूटरच्या डिकीत विसरली तर बाम पातळ होतो आणि सावकाश थिजताना रवाळ बनतो. तो बिघडलेला नसतो, शिया बटरचे कण वेगळे जमलेले असतात. डबी झाकण लावून गरम पाण्याच्या भांड्यात धरा, पाणी आत जाऊ देऊ नका. सगळा बाम वितळला की लगेच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. भराभर थिजल्यावर तो पुन्हा गुळगुळीत होतो. खवट वास येत असेल तर मात्र वितळवत बसू नका, ती डबी टाकून द्या.