प्रवेश अर्जांचे फोटो एका मापात : एका लिपिकाचे पत्र

नाशिकमधल्या ज्या शाळांच्या कार्यालयातले संगणक आम्ही सांभाळतो, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक. जून आला की आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते फोटोंपायी. ‘सॉफ्टवेअर फोटो घेत नाही’, ‘फोटो आडवा पडतो’, ‘साइज मोठी आहे म्हणतंय’. गेल्या हंगामात आमच्या एका ग्राहक शाळेतल्या लिपिकाने यावर उपाय शोधला आणि मुख्याध्यापिकांना रीतसर पत्र दिले. आम्ही समजावले असते त्याहून ते पत्र सोपे आहे, म्हणून परवानगी घेऊन, नावे वगळून, येथे देत आहोत.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय : प्रवेश अर्जांवरील फोटोंचे माप संगणकाकडून आपोआप करून घेण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, यंदा आपल्याकडे २४० प्रवेश अर्ज आले आहेत. पालक फोटो व्हॉट्सॲपवर किंवा पेनड्राइव्हवर देतात. प्रवेशाच्या सॉफ्टवेअरला फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा आणि ५० केबीच्या आत लागतो. (साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापला की हेच माप येते.) एक फोटो उघडणे, कापणे, लहान करणे, सेव्ह करणे यात मला तीन मिनिटे जातात. २४० फोटोंचे बारा तास झाले, आणि खिडकीवर दाखल्यासाठी रांग असते ती वेगळीच.

आतापर्यंत मी इंटरनेटवरच्या एका फुकट संकेतस्थळावर फोटो चढवून लहान करत होते. मुलांचे फोटो असे कुठल्यातरी अनोळखी ठिकाणी जाणे मला बरे वाटत नाही. ‘इमेजमॅजिक’ हा मोफत प्रोग्राम आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय, हेच काम करतो. मी २० फोटोंवर करून पाहिले. १६ नीट आले. चार बिघडले, ते का बिघडले तेही लिहिते, म्हणजे आपल्याला निर्णय घेणे सोपे जाईल.

तीन फोटोंत मुलांची डोकी कापली गेली. ते फोटो उंच, मोबाइलच्या पूर्ण पडद्याएवढे काढलेले होते. अशा फोटोची रुंदी ४१३ केली की उंची ७३४ होते आणि २०३ पिक्सेल जादा उरतात. प्रोग्रामला मी ‘मधला भाग ठेव’ सांगितले होते, म्हणून त्याने वरून शंभरेक आणि खालून शंभरेक कापले. वरच्या शंभरात केस आणि कपाळ गेले. मग ‘वरून मोज, जादा ते खालून काप’ असे सांगितले, तेव्हा तिन्ही नीट आले, कारण खाली नुसता सदरा होता. मोबाइलचा नेहमीचा फोटो मात्र तीनास चार प्रमाणात असतो. त्यातून फक्त २० पिक्सेल कापावे लागतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

चौथा फोटो पालकांनी सोमेश्वरच्या धबधब्यापुढे काढलेला, संपूर्ण कुटुंबाचा होता. त्याला कोणताच प्रोग्राम उपयोगी नाही. प्रोग्रामला चेहरा दिसत नाही, तो फक्त माप पाहतो.

आता वेळेचा हिशोब. फोटो कोणाचा आहे हे संगणकाला कळणार नाही, त्यामुळे फोटो येताच त्याला अर्ज क्रमांकाचे नाव (उदा. 0147.jpg) मलाच द्यावे लागेल. त्याला फोटोमागे अर्धा मिनिट धरले तर दोन तास होतात. शेवटी सगळे फोटो नजरेखालून घालायला अर्धा तास. बारा तासांचे काम अडीच तासांत होईल. तरी परवानगी मिळावी ही विनंती.

आपली विश्वासू,
लिपिक

पत्राच्या समासात मुख्याध्यापिकांचा शेरा आहे : ‘मंजूर. मूळ फोटो पुसू नयेत. परत मागवायच्या फोटोंची यादी रोज सायंकाळी द्यावी.’

शेऱ्यातले पहिले वाक्य फार मोलाचे. या प्रोग्रामची mogrify ही आज्ञा नुसती दिली तर ती मूळ फाइलवरच काम करते. कापलेला फोटो मग परत जोडता येत नाही. म्हणून आम्ही -path वापरून तयार फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवतो. त्या शाळेत बसवलेली बॅच फाइल अशी :

```
cd /d D:\photo\mul
magick mogrify -path D:\photo\tayar -auto-orient -resize "413x531^" -gravity north -extent 413x531 -strip -define jpeg:extent=50KB *.jpg
```

दोन्ही फोल्डर आधी तयार असावे लागतात. ^ या खुणेचा अर्थ ‘चौकट पूर्ण भरेल इतकेच लहान कर’. ती गळली तर फोटोच्या कडेला किंवा खाली पांढरी पट्टी उरते. माप अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर विंडोज ती खूण खाऊन टाकते.

आडव्या फोटोंचे कोडे -auto-orient ने सुटते. मोबाइल पुष्कळदा चित्र आडवेच साठवतो आणि सोबत ‘दाखवताना उभे कर’ अशी चिठ्ठी ठेवतो. तुमच्या पडद्यावर फोटो उभा दिसतो, पण प्रवेशाचे सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचत नसेल तर तिथे आडवा. ही आज्ञा चित्रच उभे करते. पुढची -strip चिठ्ठ्या काढून टाकते, त्यात फोटो कुठे काढला त्या जागेची नोंदही जाते. हा क्रम उलटा करू नका. चिठ्ठी आधी फेकली तर उभे करायचे कसे ते प्रोग्रामला कळणार नाही.

आता जे पत्रात नाही आणि आम्हाला नंतर दिसले ते. चिमुकला फोटो, उदाहरणार्थ १८० बाय २४० चा, प्रोग्राम निमूटपणे ताणून ४१३ बाय ५३१ करतो. सॉफ्टवेअर तो घेते, कोणी काही बोलत नाही, आणि ओळखपत्र छापून आले की चेहरा धुरकट. हे आधी ओळखता येते. ‘mul’ फोल्डर ‘डिटेल्स’ पद्धतीने उघडा, ‘डायमेन्शन्स’चा रकाना जोडा आणि रुंदी ४१३ पेक्षा कमी असलेले फोटो त्याच दिवशी पालकांकडून परत मागवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असे सांगितले की मूळ फोटो येतो.

दुसरे, काम झाल्यावर दोन्ही फोल्डरांतल्या फाइली मोजा. त्या शाळेत एकदा इकडे २४० आणि तिकडे २३७ होत्या. राहिलेल्या तिघांपैकी दोन आयफोनच्या .heic होत्या आणि एक .jpeg. वरची आज्ञा फक्त .jpg उचलते. .jpeg चे नुसते नाव बदलले तरी चालते, .heic चे मात्र नाव बदलून भागत नाही, तो रूपांतरित करावा लागतो.

तुमच्याकडे हे बसवायचे असेल तर प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचे माप आणि केबीची मर्यादा जिथे लिहिलेली असते, त्या पानाचा फोटो काढून आम्हाला पाठवा. शाळेगणिक हे आकडे वेगळे असतात, काही ठिकाणी केबीची खालची मर्यादाही असते. देखभाल करार असलेल्या शाळांना याचे वेगळे पैसे नाहीत. मात्र पंधरा जूननंतर फोन केलात तर रांगेत थांबावे लागेल.