ओवी कुणाच्या नावावर लिहायची?
जात्यावरच्या गाण्यांचा संदर्भ देण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

पोवाड्याचा संदर्भ देताना फारसं अडत नाही. शेवटच्या चौकात शाहीर स्वतःचं नाव गुंफून ठेवतो, त्यामुळे गाणारा गोंधळी वेगळा असला तरी रचना कुणाची हे गाण्यातच सापडतं. जात्यावरच्या ओवीला अशी नाममुद्रा नसते. ‘पहिली माझी ओवी’ अशी सुरुवात गावोगावच्या बायका करतात. त्यातली ‘माझी’ म्हणणारी दर वेळी वेगळी असते, आणि गाणं कागदावर उतरलं की ती बाई नेमकी तिथूनच गळून पडते.

1915 साली मुंबई इलाख्यात कोकणच्या लोकसमजुतींचा एक इंग्रजी संग्रह निघाला. 1909 मध्ये नाशिकला गोळ्या घातल्या गेलेल्या कलेक्टरने जमवलेली टिपणं त्याच्या मुळाशी होती. या पुस्तकाच्या तळटीपा वाचण्यासारख्या आहेत. पानोपानी ‘शाळामास्तर, चौक, कुलाबा’ अशा धर्तीचे उल्लेख येतात. सरकारी प्रश्नावली गावच्या मास्तरकडे गेली, मास्तरने कुणाला तरी विचारून उत्तरं धाडली, आणि पुस्तकात मास्तर हा स्रोत ठरला. त्याला सांगणारी म्हातारी कोण होती, याची नोंद नाही. तरीही त्या काळाच्या मानाने ही पद्धत काटेकोर म्हणायला हवी, कारण पुढच्या कित्येक मराठी संग्रहांत मास्तरही उरला नाही. 1940 च्या सुमारास आलेल्या आणि घरोघरी वाचल्या गेलेल्या ओव्यांच्या संग्रहात ओव्यांची मांडणी आई, भाऊ, सासर अशी विषयवार आहे. ओवीखाली गायिकेचं नाव नाही. संकलकाचा हेतू स्त्रीमनाचं दर्शन घडवण्याचा होता आणि त्यासाठी नावं लागत नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या लोकसाहित्याच्या पुस्तकांतही कुठे जिल्हा, कुठे ओव्या पाठवणाऱ्याचं नाव एवढ्यावर भागवलेलं दिसतं.

चित्र बदललं ते 1980 च्या दशकात, मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातून. तिथे गरीब शेतकऱ्यांच्या संघटनेचं काम करणाऱ्या बायका आणि पुण्यातले दोन संशोधक गावातल्या बायकांच्या ओव्या उतरवून घेऊ लागले. आज या संग्रहात हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे, विषयाचा सांकेतिक कोड आहे, आणि गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा यांची नोंद आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून डॅट या डिजिटल फितीवर गाणी मुद्रित होऊ लागली. मग फीत आणि तिच्यावरची जागा यांचीही नोंद आली.

फितीच्या प्रकाराचा इथे मुद्दाम उल्लेख करायचं कारण आहे. त्याआधीच्या, साध्या कॅसेटवर काम केलेल्या प्रबंधांत ‘कॅसेट 7, बाजू ब, 214’ असे संदर्भ सापडतात. हे 214 म्हणजे टेपरेकॉर्डरवरच्या काउंटरचा आकडा. तो रीळ किती फिरलं हे मोजतो, वेळ मोजत नाही, आणि यंत्रागणिक वेगळा येतो. असाच एक संदर्भ घेऊन मी एकदा एका ग्रंथालयात सकाळभर बसलो होतो. तिथल्या यंत्रावर 214 ला एक म्हातारबाबा पाऊसपाण्याबद्दल बोलत होते. हवी ती ओवी बरीच पुढे निघाली. डॅटवर फितीच्या आरंभापासूनची वेळ फितीतच नोंदवलेली असते, म्हणून मिनिट-सेकंद दिले की दुसऱ्या माणसाला तीच जागा सापडते. अर्थात मूळ फीत तुकडे न करता संगणकावर उतरवली असेल तरच. छाटून वेगवेगळ्या फायली केल्या की मिनिट-सेकंदही निरुपयोगी होतात, आणि संदर्भात मूळ फितीचा क्रमांक व फाइलचं नाव दोन्ही द्यावं लागतं.

वाद झाला तो मात्र वेगळ्याच जागी. संदर्भाच्या ओळीत पहिली जागा कर्त्याची. तिथे कुणाला बसवायचं?

विद्यापीठी पद्धत अशी होती की संग्रह छापलेला असेल तर संपादक, आणि स्वतः गोळा केलेलं असेल तर ‘पारंपरिक’ असं लिहून पुढे संशोधकाचं नाव. गाणारीला ‘निवेदक’ म्हणून परिशिष्टात टाकायचं, वय आणि शिक्षणासकट. ‘पारंपरिक’ हा शब्द ऐकायला नम्र वाटतो. प्रत्यक्षात त्याने एक सोय होते: ज्याचा कुणी कर्ता नाही त्यासाठी कुणाला विचारायला नको. या शब्दाच्या बाजूने जे बोलतात त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ओवीचा पहिला चरण सगळ्यांच्या सामाईक साठ्यातला असतो, तो तीन जिल्ह्यांत तसाच्या तसा भेटतो. अशा ओवीवर एकीचं नाव टाकलं तर शेजारणीचा तिच्यावरचा हक्क गेला का?

पण दुसरा चरण पाहिला की गोष्ट बदलते. तिथे बाई आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या गावची वाट घालते, नवऱ्याने टाकलं असेल तर तेही घालते. साचा सगळ्यांचा आणि भरणा तिचा. म्हणून अलीकडे संदर्भात पहिल्या जागी गायिका, आणि तिच्या नावापुढे ‘रचना’ न लिहिता ‘गायन’ असं लिहिलं जातं. संकलक, ध्वनिमुद्रण करणारा, ऐकून लिहून काढणारी व्यक्ती हे सगळे नंतर. माझ्या मते हा तोडगा योग्य आहे, कारण तो ओवी कुणी रचली याबद्दल काहीच दावा करत नाही. त्या दिवशी त्या जागी कुणी गायली एवढंच तो सांगतो, आणि तेवढं आपल्याला खात्रीने ठाऊक असतं.

गायिकेचं नाव पहिलं घ्यायचं ठरल्यावर कळलं की नाव लिहिणंही सोपं नाही. मुळशीकडच्या एका वाडीत आम्ही नोंदवही घेऊन बसलो होतो. आजींनी आपलं नाव सांगितलं आणि थांबल्या. पूर्ण नाव हवं म्हटल्यावर हसल्या. मालकांचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, असं कागदावर कसं घेणार? शेवटी दारातल्या नातवाने आजोबांचं नाव सांगितलं. पुढचा रकाना गावाचा. आजी साठ वर्षं या वाडीत होत्या, पण ओव्या शिकल्या आईच्या मांडीला मांडी लावून, दोन डोंगर पलीकडे माहेरी. नुसतं सासरचं गाव लिहिलं तर ओव्यांचा नकाशा चुकतो. लग्नाबरोबर गाणीही गाव बदलतात, ही गोष्ट एकाच रकान्याच्या नोंदीत दिसतच नाही. आम्ही लिहिलं ते असं:

गायिकेचं नाव, गावात हाक मारतात ते नाव. जात्यावरची ओवी, गायन. सासर: वाडी, ता. मुळशी, जि. पुणे, माहेर: गाव, तालुका. ओवी कुणाकडून शिकली: आई. साथ: जाऊ. ध्वनिमुद्रण: नाव, दिनांक, ठिकाण (घरात, दळण न दळता). फीत क्रमांक, मिनिट-सेकंद. लेखन: नाव. मूळ फीत कुठे ठेवली आहे.

‘दळण न दळता’ हे शब्द फालतू वाटतील, पण फरक ऐकू येतो. जातं फिरत असताना चरण खुंट्याच्या फेऱ्यावर पडतात आणि दम लागतो तिथे तुटतात. नुसतं बसून गायलेल्या ओवीत तो खंड नसतो. साथीला जाऊ असेल तर अर्धा चरण कधी कधी तीच उचलते, मग एकट्या गायिकेचं नाव अपुरं पडतं. ‘बाई’, ‘गं’ आणि चरणांची पुनरावृत्ती छापताना बहुतेक गाळतात. गाळली असेल तर तसं लिहावं, नाहीतर फीत ऐकणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्याने भलतंच ऐकलं.

जातीच्या रकान्यावर अजून एकमत नाही. जुन्या नोंदींत तो आहे आणि काहींना तो खटकतो. पण 1996 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीत मुद्रित झालेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या पाहा. त्या कुठल्या वस्तीतल्या बायकांनी गायल्या हे काढून टाकलं तर त्या ‘मराठवाड्यातील ओव्या’ होऊन बसतात आणि भीमराव हा त्यांतला भाऊ का आहे, हे वाचकाला कळत नाही. गायिकेने स्वतः सांगितलेला शब्द, तिला विचारून, असा मधला मार्ग सध्या बरेच जण धरतात.

कायदा या सगळ्यात उशिरा आला आणि थोडा तिरपा आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, गाणारी नव्हे. 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांना हक्क दिले. सादरकर्त्यांच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत, तेव्हा जात्यावरची बाई त्यातून सुटत नाही. 2012 मध्ये आणखी एक भर पडली: आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं, हा हक्क सादरकर्त्याला मिळाला. लोककला सादर करणाऱ्यांनाही सादरकर्ते मानणारा 1996 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2018 मध्ये स्वीकारला. म्हणजे परिशिष्टातल्या ‘निवेदक’ बाईला कायदा सादरकर्ती म्हणतो, पण प्रबंधांचे नमुने जुनेच चालू आहेत.

परदेशी संदर्भपद्धतींतही हीच अडचण होती. मुलाखत स्वतः घेतली असेल तर तिला खाजगी पत्रव्यवहाराच्या रांगेत बसवायचं आणि संदर्भसूचीत घ्यायचंच नाही, असा तिथला एक प्रस्थापित नियम. 2021 मध्ये कॅनडातल्या एका ग्रंथपाल बाईंनी आदिवासी वडीलधाऱ्यांसाठी वेगळा साचा मांडला. त्यात नावानंतर त्यांचा समाज, त्यांचा प्रदेश, राहतं गाव आणि शिकवणीचा विषय येतो, आणि ही नोंद सूचीत जाते. आपल्याकडे तो साचा जसाच्या तसा उचलून चालत नाही, कारण त्यात माहेर-सासर नाही.

2017 च्या आसपास त्या लाखभर ओव्यांमधल्या काही गायिकांना पुन्हा शोधून त्यांचं चित्रण करण्यात आलं. काही जणी हयात नव्हत्या, मग लेकी-सुनांनी गायल्या. त्यातून नवा पेच आला. नव्वदच्या दशकात एका गायिकेने गायलेली ओवी, वीस वर्षांनी तिनेच किंवा तिच्या सुनेने गायलेली तीच ओवी, आणि संग्रहात क्रमांक एकच. दोन्हींत एखादा शब्द हटकून वेगळा. संदर्भ देताना नुसता ओवीचा क्रमांक दिला तर यातलं कुठलं गाणं ऐकलं ते कळत नाही. सध्या क्रमांकापुढे गायनाची तारीख लिहितात, आणि चित्रण सुनेचं असेल तर पहिल्या जागी सुनेचं नाव आणि ‘कुणाकडून शिकली’ या रकान्यात सासूचं.