डिलीट केलेली मळमळ

भाच्याला माझा जुना लॅपटॉप द्यायचं ठरलं, पोरगं यंदा इंजिनिअरिंगला गेलंय. फोटो काढले, बँकेचे कागद काढले, आणि मग आठवलं की माझी गोळ्यांची डायरी यातच आहे. डायरी म्हणजे काय, तर मीच पायथॉनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, रोज रात्री ९ वाजता उठतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात गोळीची आठवण टाकतो आणि "आज कसं वाटलं?" विचारून मी जे टाइप करीन ते साठवून ठेवतो. दोन वर्षांत त्यात काय काय गेलं असेल, झोप, चिडचिड, कोणाशी भांडलो, सगळं. मी शहाण्यासारखं सगळ्या नोंदी डिलीट केल्या, यादी रिकामी दिसली, छान वाटलं.

पण सवय वाईट, म्हटलं बघू तरी. नोंदी `athavan.db` नावाच्या एका फाइलीत होत्या. ती फाइल डायरीसारखी न उघडता नुसती बाइट्सची रांग म्हणून वाचली आणि आत एक शब्द शोधला:

```
data = open('athavan.db', 'rb').read()
print(data.count('मळमळ'.encode('utf-8')))
```

उत्तर आलं 3. म्हणजे रिकाम्या डायरीत तीनदा मळमळ!

आता हे का होतं ते सांगतो, कारण मला यातली गंमत फार आवडते. ही फाइल एसक्यूलाइटची, म्हणजे नोंदी एकाच फाइलीत साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. नाव ऐकलं नसेल पण वापरता रोज, तुमच्या फोनवरचे व्हॉट्सॲपचे मेसेजही याच पद्धतीच्या फाइलीत असतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे बनवलं आणि फुकट वाटलं, त्यामुळे ज्याला ज्याला काही साठवायचं असतं तो हेच उचलतो. फाइलीची पानं पाडलेली असतात, साधारण ४०९६ बाइट्सचं एक पान, आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला कुठली नोंद कुठे आहे त्याचा छोटा तक्ता असतो, वहीच्या अनुक्रमणिकेसारखा.

तुम्ही नोंद डिलीट केली की एसक्यूलाइट तक्त्यातलं नाव खोडतं आणि ती जागा मोकळी म्हणून लिहून ठेवतं. मजकूर पुसत नाही, कारण पुसायला वेळ लागतो आणि उद्या तिथे नवीन नोंद येणारच आहे, मग आत्ता कशाला पुसा. आळस आहे पण हिशेबी आळस.

माझी १४ नंबरची नोंद घ्या, "गोळी घेतल्यावर मळमळ". देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट्स खातं, काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळे वेगळे धरायचे, म्हणजे १७ चिन्हांचे ५१ आणि मधल्या दोन स्पेस मिळून ५३. तारीख-वेळेचे १६ बाइट्स. आणि या सगळ्याच्या पुढे ६ बाइट्सचं लेबल, की नोंद केवढी आहे, नंबर किती, कुठला रकाना किती लांब. एकूण ७५. डिलीट केल्यावर ही जागा पानाच्या मधोमध मोकळी झाली तर एसक्यूलाइट तिथे आपल्या वापरासाठी फक्त ४ बाइट्स लिहितं, दोनात पुढची मोकळी जागा कुठे आहे आणि दोनात ही जागा केवढी आहे. ते ४ बाइट्स पडतात कुठे, तर लेबलावर. म्हणजे नोंदीचा नंबर वगैरे गेला, पण उरलेले ७१ बाइट्स, त्यात पूर्ण तारीख, पूर्ण वेळ आणि पूर्ण मळमळ, जशीच्या तशी! डब्यावरची चिठ्ठी अर्धी फाडली आणि आतलं लोणचं तसंच ठेवलं. सगळं पानच रिकामं झालं तर तेही मोकळ्या पानांच्या यादीत जाऊन पडतं, आणि त्यातल्या बहुतेक पानांना तर कोणी हातही लावत नाही.

यावर इलाज एसक्यूलाइटमध्येच आहे, फक्त तो सगळीकडे आपोआप चालू नसतो. `PRAGMA secure_delete;` असं विचारायचं. 0 आलं तर पुसत नाही, 1 आलं तर मोकळ्या जागेवर शून्यं लिहितं, आणि 2 आलं तर अधलंमधलं, फुकटात होईल तेवढं पुसतं, पण मोकळी झालेली अख्खी पानं राहू शकतात. माझ्याकडे 0. मग हे केलं:

```
PRAGMA secure_delete = ON;
VACUUM;
```

पहिली ओळ पुढच्या डिलीटसाठी, आणि ती फाइल दर वेळी उघडताना परत द्यावी लागते, म्हणून प्रोग्रॅममध्येच टाकायची. दुसरी मागचा कचरा काढते, जिवंत नोंदी उचलून फाइल नव्याने रचते. परत मोजलं, 0. हां, तुमच्या फाइलीशेजारी `-wal` शेपटीची अजून एक फाइल दिसली तर तिच्यातही मोजा, नवीन बदल आधी तिच्यात जातात आणि जुनी पानं तिच्यात पडून राहतात.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ती कोपऱ्यातली चौकट? विंडोज दाखवलेल्या सूचनांचा मजकूर स्वतःकडे ठेवतं, `wpndatabase.db` नावाच्या फाइलीत, आणि ती फाइल कसली? एसक्यूलाइटचीच! माझा प्रोग्रॅम चौकटीत गोळीचं नाव आणि कालची नोंद दाखवायचा, म्हणजे मी माझी वही धुवत बसलो आणि एक प्रत चावडीवर लावलेली. अँड्रॉइड ११ पासून फोनवरही सूचनांचा इतिहास चालू करता येतो, पुसलेली सूचनासुद्धा दिवसभर तिथे वाचता येते. आणि आठवण फोनमधल्या फोनमध्ये तयार न होता ॲपवाल्याच्या सर्व्हरवरून येत असेल तर ती गूगल किंवा ॲपलच्या यंत्रणेतून जाते. वेगवेगळी सरकारं या कंपन्यांकडे त्याची माहिती मागतात हे अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पत्र लिहून उघड केलं. त्यामुळे "मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन" असं ठळक लिहिलेल्या डायरी ॲपला मी आधी एवढंच विचारतो की बाबा तुझी सूचना काय बोलते. आणि ते "माझी माहिती वापरायची परवानगी मी देत नाही" म्हणून भिंतीवर चिकटवायचं फॉरवर्ड, ते म्हणजे दाराला लिंबू-मिरची, त्याने एक बाइट हलत नाही.

बरं, फाइलीत शून्य आलं तरी डिस्कवर शून्य आलं असं नाही. बदल करण्याआधी एसक्यूलाइट जुन्या पानाची प्रत शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत काढतं, वीज गेली तर परत फिरता यावं म्हणून, आणि मग ती फाइल डिलीट करतं. डिलीट म्हणजे परत तेच, नाव खोडलं. त्यात एसएसडी असेल तर ती नवीन मजकूर जुन्यावर लिहीतच नाही, दुसऱ्या खणात लिहिते, जुना खण सवडीने साफ करते, तुम्ही शून्यं लिहिली तरी ती भलतीकडेच पडतात. म्हणून खरा उपाय आधीचा, पहिल्या दिवसापासून अख्खी डिस्क कुलपात ठेवायची, विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे द्यायच्या वेळी किल्ली नष्ट केली की उरलेले बाइट्स कोणाच्या कामाचे नाहीत. मी ते केलं नव्हतं. मग रीसेट करताना `Clean data` चालू केलं, रात्रभर लॅपटॉप घरघरत होता, सकाळी भाच्याला दिला.

नवीन मशीनवर बिटलॉकर आधी, प्रोग्रॅम नंतर. आणि चौकटीत आता फक्त नोंदीचा नंबर येतो, मजकूर बघायचा तर डायरी उघडून पासवर्ड टाकायचा. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीन सगळ्यांना दिसत असताना ती आलीच, "६१२". साहेबांनी विचारलं हे काय, म्हटलं आठवण आहे सर, आणि पुढची स्लाइड लावली.