बुद्रुक आणि खुर्द

एकाच नावाच्या शेजारशेजारच्या दोन गावांना वेगळे ओळखण्यासाठी लावली जाणारी पदे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे, लिहिताना ‘बु.’ व ‘खु.’ असा संक्षेप करतात. पुण्याजवळचे वडगाव, आंबेगाव आणि कोंढवा या तिन्ही नावांची अशी जोडगावे आहेत.

खुर्द हा फारसी शब्द मराठीत जवळजवळ जसाच्या तसा आला. सुट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो तोही त्याच कुळातला. ‘बुद्रुक’चे मूळ फारसी ‘बुजुर्ग’ (वडील, मोठा) हे सामान्यतः मान्य असले तरी ‘ज’चा ‘द’ कसा झाला याचा उलगडा करावा लागतो. फारसी ‘गुजश्ता’चे मराठीत ‘गुदस्ता’ झाले, हा दाखला त्यासाठी देता येतो. मात्र फारसी लिपीत या दोन शब्दांतील ‘ज’ची अक्षरे वेगळी आहेत, त्यामुळे दाखला तंतोतंत जुळत नाही. तरीही ‘बुजुर्ग’, मग ‘बुदुर्ग’ आणि पुढे रकाराची जागा बदलून ‘बुद्रुक’ हा क्रम संभाव्य वाटतो. ही पदे बहमनी व त्यानंतरच्या सुलतानी महसुली दप्तरांतून रुळली असावीत. थोरले-धाकटे ही देशी जोडी लिंगवचनाप्रमाणे बदलते; बुद्रुक-खुर्द बदलत नाहीत, आणि ती नावानंतर येतात. उत्तर भारतात बुद्रुकच्या जागी ‘कलाँ’ आढळते, तर गुजरातेत सुरतेजवळ मोटा वराछा आणि नाना वराछा आहेत.

जोडी पडण्याचे कारण प्रत्येक ठिकाणी एकच नसते. कुठे वस्ती वाढून मूळ गावातून नवे गाव फुटते, कुठे वतनाची वाटणी होते, कुठे ओढा किंवा नदी मध्ये येते. ‘वरचे’ आणि ‘खालचे’ ही पदे बहुधा चढ-उतारावरून किंवा पाण्याच्या प्रवाहावरून पडतात. थोरलेपण नाव पडले त्या काळचे असते. पुढे खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा वाढली तरी नाव बदलत नाही, म्हणून आजच्या लोकसंख्येवरून मूळ गाव कोणते हे ठरवू नये.

महसुली दृष्टीने ही दोन स्वतंत्र मौजे असतात आणि प्रत्येकाचे सर्व्हे नंबर एकपासून सुरू होतात. त्यामुळे सर्व्हे नंबर 12 कोंढवा बुद्रुकात असतो तसा कोंढवा खुर्दातही असू शकतो. दस्तात नुसते ‘मौजे कोंढवा’ लिहिले, तर मिळकत कोणती हे नंबरावरून कळत नाही. अशा वेळी दस्तातील क्षेत्र आणि चतुःसीमा दोन्ही मौजांच्या सातबाराशी व गावनकाशाशी ताडून पाहावी लागते: पूर्वेला कोणाचे शेत, पश्चिमेला कोणता ओढा. चतुःसीमेतील शेजारी खातेदार ज्या मौजात सापडतात, जमीन बहुधा तिथलीच असते. शिवेलगतच्या जमिनीत मात्र शेजारीही दोन मौजांत विभागलेले असतात, आणि तिथे मोजणीच लागते.

‘जुने’ आणि ‘नवे’ ही पदे स्थलांतराशी निगडित आहेत. गोव्यात जुने गोवे आणि गोवा वेल्हा ही दोन वेगळी गावे आहेत, आणि पोर्तुगीज ‘वेल्हा’चा अर्थही जुनी असाच होतो. यांपैकी गोवा वेल्हा हे कदंबकालीन राजधानीच्या परिसरातले, म्हणजे अधिक प्राचीन.