मुद्दा आधी (सारांशलेखन)

वाचणाऱ्याने काय करायचंय ते पहिल्या वाक्यात, आणि ते कशामुळे चुकू शकतं ते दुसऱ्या वाक्यात, बाकीचं सगळं खाली. सारांश असा लिहिण्याला 'मुद्दा आधी' म्हणतात. दोन ओळी वाचून पुढच्या मेलकडे वळणाऱ्या माणसासाठी ही पद्धत आहे, आणि तो आळशी असतो असं नाही, त्याच्याकडे असे पंचवीस सारांश येऊन पडलेले असतात.

पेपरात बातमी लिहितात ती जवळपास अशीच, महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली, म्हणजे जागा कमी पडली तर उपसंपादक शेपटाकडून कापत येतो आणि बातमी तरी उरते. अमेरिकन सैन्यात याला 'बॉटम लाइन अप फ्रंट' म्हणतात आणि त्यांच्या पत्रव्यवहाराच्या नियमावलीत मुख्य मुद्दा सुरुवातीलाच द्या असं लिहिलेलंच आहे. पण नियम माहीत असणारे लोकही चुकतात, कारण 'महत्त्वाचं वर' म्हणताना नक्की काय वर घ्यायचं हे ठरवणंच अवघड असतं. बहुतेक जण निष्कर्ष वर नेतात आणि त्याची अट खालीच सोडतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं आणि साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी किती नुकसान झालं असेल याचा अंदाज काढून नासासमोर स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा अर्थ साधारण असा होता की जुन्या चाचण्यांचा डेटा बघता यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइलमध्ये फोम घुसण्याचा अंदाज सावध बाजूचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात नुकसान अंदाजापेक्षा कमीच असेल. मथळा वाचला की माणूस निर्धास्त. त्याच स्लाइडच्या अगदी तळाला, मुद्द्याच्या पोटातल्या मुद्द्यात, लिहिलं होतं की प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या बरीच बाहेर आहे, चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा आणि इथला १९२० घनइंचांचा. भागून बघा, ६४० पट!! म्हणजे वरच्या मथळ्याला ज्या डेटाचा आधार होता तो डेटा या तुकड्याला लागूच होत नव्हता, आणि हे मथळा रद्द करणारं वाक्य सगळ्यात बारीक अक्षरांत, सगळ्यात खाली.

१ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अहवालात या स्लाइडवर वेगळी चर्चा केलीय. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं म्हणणं मात्र चुकीचं होईल, स्लाइड टाइलबद्दल होती आणि भोक पडलं ते पंखाच्या पुढच्या कडेच्या पॅनेलला, शिवाय निर्णय बिघडायला इतरही बरीच कारणं होती. आपल्यापुरतं बघायचं ते एवढंच, की त्याच माहितीच्या पहिल्या दोन ओळी अशा होऊ शकल्या असत्या: 'नुकसान किती झालंय ते आम्हाला सांगता येत नाही. आमच्या चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यावरच्या आहेत, हा त्याच्या ६४० पट आहे.' यात नवीन काहीच नाही, सगळं त्या स्लाइडवर होतंच.

आता रोजच्या कामातलं घेऊ. समजा बारा पंपांच्या तपासणीचा सारांश लिहायचाय. पहिला मसुदा हमखास असा येतो: 'या महिन्यात बाराही पंपांची नियमित तपासणी करण्यात आली. एकूण स्थिती समाधानकारक असून काही निरीक्षणे खाली दिली आहेत.' हे नमनाला घडाभर तेल. आठव्या ओळीत कळतं की ७ नंबरच्या पंपाचं बेअरिंग नेहमी ६० डिग्रीच्या आसपास असतं ते तीन दिवसांत ८८ वर गेलंय. लिहिणारा खोटं बोललेला नाही, अकरा पंप खरंच ठीक आहेत, पण त्याने काम केलं त्या क्रमाने लिहिलंय आणि वाचणाऱ्याला हवाय निर्णयाचा क्रम. दुरुस्त केल्यावर: '७ नंबरचा पंप आजच बंद करा, बेअरिंग तीन दिवसांत ६० वरून ८८ डिग्रीवर गेलंय. सेन्सर बदलून अजून पाहिलेला नाही, त्यामुळे रीडिंगच चुकीचं असण्याची शक्यता आहे.' ती दुसरी ओळ घाबरून टाकलेली पळवाट वाटते खरी, पण तिच्यामुळेच वाचणारा आधी सेन्सर बघायला माणूस पाठवेल की लगेच नवीन बेअरिंग मागवेल हे ठरतं, म्हणून ती वर हवी. बाकी अकरा पंप ठीक आहेत हे तिसऱ्या ओळीत गेलं तरी कोणाचं काही अडत नाही.

मराठीत लिहिताना एक जास्तीची भानगड आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर सगळ्यात शेवटी. 'तपासणीतल्या बाबी लक्षात घेता ७ नंबरचा पंप सध्या चालू ठेवणं योग्य होणार नाही' हे वाक्य फोनच्या नोटिफिकेशनमध्ये 'चालू ठेवणं योग्य' इथे तुटलं तर वाचणाऱ्याला बरोबर उलटं कळतं. म्हणून पहिलं वाक्य पाच-सहा शब्दांचं ठेवायचं आणि नकार असेल तर तो होकारी क्रियापदात फिरवायचा, 'चालू ठेवू नका' ऐवजी 'बंद करा'. 'पण'चंही तसंच, 'काम छान झालंय पण' यात पणच्या आधीचं सगळं नुसता पडदा असतो, तेव्हा पणनंतरचं वाक्य उचलून सुरुवातीला आणून ठेवलं की निम्म्या वेळा काम होतं.

मुद्दा सापडत नसेल तर मसुदा शेवटून वाचावा. लिहिता लिहिताच विचार पक्का होत जातो त्यामुळे खरं म्हणणं बहुधा शेवटच्या परिच्छेदात 'एकंदरीत' किंवा 'तरी' या शब्दांमागे बसलेलं असतं. मग तपासायचं असं, की पहिल्या दोन ओळी सोडून सगळं झाकायचं, विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्यायचं आणि 'आता तू काय करशील' एवढंच विचारायचं. 'कळलं का' विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. तो 'खालचं वाचावं लागेल' म्हणाला तर ओळी विषयाबद्दल आहेत, मुद्द्याबद्दल नाहीत. त्याने काहीतरी ठाम सांगितलं आणि तुम्ही लगेच 'हो पण तसं नाही' म्हणालात, तर अट खाली राहिलीय.

दोन ओळींत एकच निर्णय मावतो. दोन वेगवेगळे निर्णय हवे असतील तर सरळ दोन सारांश पाठवावेत, नाहीतर दुसरा कोणी बघतच नाही. आणि वाचणारा आधीपासूनच विरुद्ध मताचा असेल तर निष्कर्ष पहिल्याच ओळीत आदळल्यावर तो कारणांपर्यंत पोचतच नाही, तिथे आधी दोघांना मान्य असलेला आकडा आणि लगेच त्याच वाक्यात निष्कर्ष असं लिहितात, म्हणजे '७ नंबर ८८ डिग्रीवर, आज बंद करावा लागेल'.