आलेख सपाट होणे आणि आलेख खाली येणे: जास्त साखरेत यीस्ट का मंदावते

यीस्टच्या द्रावणात साखर वाढवत नेली की कार्बन डायऑक्साइड आधी भराभर वाढतो, मग एका टप्प्यावर वाढायचा थांबतो आणि त्याहूनही साखर घातली तर चक्क कमी होतो. अकरावी-बारावीच्या प्रोजेक्टमध्ये हा प्रयोग नेहमीचा, आणि निष्कर्षाखाली एक वाक्य हमखास सापडते: ‘जास्त साखरेत एन्झाइम संपृक्त झाल्यामुळे किण्वनाचा वेग कमी झाला.’ वाचायला ते बरोबर वाटते, पण त्यात दोन वेगळ्या घटना एकत्र शिवल्या आहेत. संपृक्ततेमुळे वेग वाढायचा थांबतो, तो कमी होत नाही. कमी होतो तेव्हा कारण दुसरे असते आणि ते बहुधा परासरण असते.

आधी मोजणी. साधी साखर न घेता ग्लुकोज घ्यावे. साध्या साखरेचे यीस्ट पेशीच्या बाहेरच दोन तुकडे करते, त्यामुळे द्रावणातल्या रेणूंची संख्या प्रयोग चालू असतानाच वाढत जाते आणि हिशेब बिघडतो. कोरडे यीस्ट आधी ३५ ते ४० अंशांच्या साध्या कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावे आणि ते ढवळत ढवळत प्रत्येक शंकुपात्रात सारखे वाटावे. एका पात्रात १ ग्रॅम यीस्ट असलेले १० मिली मिश्रण आणि ४० मिली ग्लुकोजचे द्रावण, म्हणजे एकूण ५० मिली. टक्केवारी या शेवटच्या ५० मिलीवर धरायची. कोरडे यीस्ट थेट दाट पाकात टाकणे हा घोटाळ्याचा राजमार्ग आहे. भिजण्याच्या पहिल्या काही मिनिटांत त्याच्या पेशींचे पटल गळके असते, तेव्हाच दाट साखर भेटली तर बऱ्याच पेशी कामातून जातात. मग आपण मोजतो ते मेलेल्या यीस्टचे प्रमाण, नाव मात्र साखरेचे लागते.

सगळी पात्रे ३५ अंशांच्या पाण्यात ठेवून, वाहकनळीने वायू उपड्या मोजपात्रात गोळा केला आणि विसाव्या ते चाळिसाव्या मिनिटापर्यंतचा सरासरी वेग काढला, तर आकडे साधारण पुढच्यासारखे पडतील. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या यीस्टच्या पाकिटाप्रमाणे ते बदलतील, आलेखाचे रूप मात्र असेच राहील.

| ग्लुकोज | वेग (मिली प्रति मिनिट) |
|---|---|
| १% | १.६ |
| २% | २.४ |
| ५% | ३.२ |
| १०% | ३.३ |
| २०% | २.४ |
| ३०% | १.१ |
| ४०% | ०.३ |

५ आणि १० टक्क्यांच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. साखर दुप्पट झाली, वेग जेमतेम हलला. ही संपृक्तता. ग्लुकोज पेशीत आपोआप झिरपत नाही. पटलातली वाहक प्रथिने त्याला आत घेतात आणि आत एन्झाइमांची साखळी त्याचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. वाहकांची आणि एन्झाइमांची संख्या ठरलेली असते. सगळी कामात गुंतली की बाहेर कितीही ग्लुकोज वाट पाहत असले तरी आत जाण्याचा वेग तोच राहतो. पण तो तोच राहतो, हे महत्त्वाचे. ग्लुकोज वाढल्यामुळे वाहक काम सोडून देत नाहीत. निव्वळ संपृक्तता असती तर २०, ३० आणि ४० टक्क्यांनाही ३.३ च्याच आसपास आकडा आला असता आणि आलेख शेवटपर्यंत आडवा गेला असता.

२० टक्क्यांपासून पुढे जे दिसते ते काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरल्यावर होते तेच आहे: पाणी बाहेर येते. ३० टक्के ग्लुकोज म्हणजे लिटरला सुमारे १.६७ मोल. विरघळलेल्या कणांच्या हिशेबात हे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट दाट झाले. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हे अतिपरासारी द्रावण. ग्लुकोज आत जाते खरे, पण ते लगेच वापरले जाते, त्यामुळे आत आणि बाहेर त्याचे प्रमाण सारखे होत नाही. पाणी मात्र पटलातून सहज ये-जा करते आणि पेशी मिनिटाभरात आकसते. पेशीद्रव दाटतो, आतल्या रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि एकूण कारभारच मंदावतो. पेशी तग धरण्यासाठी ग्लिसरॉल बनवून आत साठवू लागते, म्हणजे पाणी टिकून राहील. त्यासाठी ती साखरच वापरते, आणि ग्लिसरॉलकडे वळलेल्या साखरेतून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. असा दोन्हीकडून फटका बसतो.

वह्यांमध्ये आणखी दोन कारणे वारंवार दिसतात आणि दोन्ही इथे लागू पडत नाहीत. पहिले, अल्कोहोल साचून यीस्ट गुदमरले. हिशेब करून बघा. सर्वांत वेगवान पात्रात चाळीस मिनिटांत १३० मिली वायू सुटला असे धरले, तरी त्यासोबत बनलेले अल्कोहोल पाव ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे ५० मिलीत अर्धा टक्का. बेकरीचे यीस्टही याच्या कितीतरी पट सोसते. शिवाय मंदावलेल्या पात्रात तर अल्कोहोल सर्वांत कमी असते! दुसरे कारण, साखरेने एन्झाइम नष्ट झाले. याला उत्तर १८९७ मध्येच मिळाले आहे. एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूसोबत घोटून त्याचा पेशीविरहित रस काढला आणि त्यात रसाइतक्याच आकारमानाचे दाट साखरेचे द्रावण मिसळले, तेव्हा त्यातून बुडबुडे येऊ लागले. याच कामासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या रसात पेशीच नव्हती, मग आकसणार काय? एन्झाइमांनी दाट साखरेतही काम केले.

तरीही नुसत्या आलेखावरून परासरण म्हणणे हा अंदाजच. सिद्ध करायचे तर सॉर्बिटॉल आणावे. हे यीस्ट एवढ्या वेळात त्याचे किण्वन करत नाही, आणि त्याच्या रेणूचे वजन १८२, ग्लुकोजचे १८०. वजनाला वजन ठेवले की कणांची संख्याही जवळपास तितकीच होते, वेगळे गणित मांडावे लागत नाही. तीन पात्रे लावा: एकात ५% ग्लुकोज, दुसऱ्यात ३०% ग्लुकोज, तिसऱ्यात ५% ग्लुकोज आणि २५% सॉर्बिटॉल. तिसऱ्या पात्रात खायला साखर पहिल्याइतकीच आहे, बाहेरची ओढ मात्र दुसऱ्याइतकी. त्याचा वेग ३.२ च्या जवळ आला तर दोष ग्लुकोजचाच मानावा लागेल. तो १.१ च्या आसपास घसरला तर ग्लुकोज निर्दोष, पाण्याची ओढ कारणीभूत. सॉर्बिटॉल मिळाले नाही म्हणून मीठ वापरायचे तर साधारण ४ टक्के पुरेसे आहे, पण सोडियमचा स्वतःचा त्रास यीस्टला होतो, त्यामुळे घसरण थोडी जास्त दिसली तर ती सगळी परासरणाच्या नावावर लिहू नये.

दुसरी कसोटी त्याहून सोपी. तासाभराने १० टक्क्यांच्या पात्रात तितकेच कोमट पाणी घाला, यीस्टचे एकूण वजन तेच राहते, आणि वेगात फारसा फरक पडत नाही. ४० टक्क्यांच्या पात्रात तेच करा. बुडबुडे वाढू लागले, तर पेशी मेल्या नव्हत्या, पाण्यावाचून अडल्या होत्या. काहीच झाले नाही तर त्या मेल्या असाव्यात, आणि मग यीस्ट कसे भिजवले होते ते आधी तपासावे.

यीस्ट दुप्पट करून बघा, वेग दुप्पट झाला तर संपृक्तता, हा सल्ला मात्र टाळावा. यीस्ट दुप्पट केले की दोन्ही परिस्थितींत वेग साधारण दुप्पटच होतो, कारण प्रत्येक पेशी आपापल्या वेगाने काम करत असते. या कसोटीने दोन्हींत फरक होतच नाही.

आता मोजणीतली एक फसवणूक. कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगला विरघळतो. ३५ अंशांना ५० मिली द्रावण सुमारे ३० मिली वायू स्वतःच पिऊन टाकते. मिनिटाला तीन मिली बनवणाऱ्या पात्राची ही तहान दहा मिनिटांत भागते. मिनिटाला अर्धा मिली बनवणाऱ्या पात्राला त्यासाठी तास लागतो, आणि तोवर मोजपात्रात जवळपास काहीच उतरत नाही. आपण मात्र चाळिसाव्या मिनिटाला मोजणी थांबवून ‘४० टक्क्यांना जवळजवळ शून्य’ लिहितो. घसरण खरी असते, पण मोजणी ती वाढवून दाखवते. उपाय असा की पात्र अधूनमधून हलवायचे, मंद पात्रांना दोन तास द्यायचे आणि बुडबुडे नियमित झाल्यावरच वेग काढायचा. गोळा करायच्या भांड्यात साध्या पाण्याऐवजी मिठाचे संपृक्त द्रावण घेतले तर तिथलीही गळती कमी होते. दोन तास थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. परासरणाने मंदावलेले यीस्ट ग्लिसरॉल साठवून हळूहळू सावरते, त्यामुळे २० टक्क्यांच्या पात्रात दुसऱ्या तासाचा वेग पहिल्यापेक्षा जास्त येऊ शकतो. संपृक्ततेत असे सावरणे दिसत नाही.

आलेखाच्या दुसऱ्या टोकालाही जपावे लागते. १ टक्क्याच्या पात्रात अर्धा ग्रॅम ग्लुकोज असते आणि त्यातून जास्तीत जास्त १३६ मिली वायू निघू शकतो. चाळीस मिनिटांत साठेक मिली सुटला तर निम्मे ग्लुकोज संपलेच. म्हणजे मोजलेला १.६ हा १ टक्क्याचा वेग नसून १ टक्क्याकडून अर्ध्या टक्क्याकडे जातानाचा सरासरी वेग आहे. इथे अवधी कमी ठेवावा किंवा यीस्ट सगळ्याच पात्रांत कमी घ्यावे.

५ ते १० टक्क्यांचा पट्टा सपाट दिसतो म्हणून तो निव्वळ संपृक्ततेचा असेही नाही. परासरणाचा ताण २० टक्क्यांना अचानक उगवत नाही. १० टक्क्यांनाही तो थोडा असतो आणि साखर वाढल्याने मिळू शकणारी उरलीसुरली वाढ तो गिळत असतो. म्हणून आलेखाच्या माथ्याला ‘एन्झाइमसाठी सर्वोत्तम प्रमाण’ म्हणू नये. वाढवणारी आणि ओढून धरणारी गोष्ट जिथे बरोबरीला येतात तो हा बिंदू. महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्या मळी आंबवण्यापूर्वी पाणी घालून पातळ करतात ती याच कारणाने. आणि गोड ब्रेडच्या पिठासाठी वेगळे, दाट साखर सोसणारे यीस्ट मिळते. ते आणून वरचीच मालिका पुन्हा लावली तर माथा उजवीकडे सरकायला हवा. त्यासाठी ८ ते २० टक्क्यांच्या मध्ये किमान चार पात्रे जास्त ठेवावी लागतील, नाहीतर सरकलेला माथा दोन बिंदूंच्या फटीत हरवेल.